२० फुटी घराचं एलिव्हेशन
आज एलिव्हेशनची, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूची, दोन स्केचेस शेजारी ठेवून नीट बघितली, घराचं तोंड २० फूट आणि गच्चीच्या कठड्यासकट, म्हणजे पॅरापेटसकट, उंची २५, म्हणजे मुळातच उभट. पहिल्यात वरच्या मजल्यावर मधोमध १२ फुटी आडवी खिडकी, कागदावर भारी वाटते पण दोन्हीकडे भिंतीचे ४-४ फुटी तुकडेच उरतात, खिडकी कोंबल्यासारखी दिसते. दुसऱ्यात ३ फुटी उभ्या दोन खिडक्या, एक बरोब्बर खालच्या दाराच्या रेषेत, दोन्हींच्या वरचे आडवे लिंटल एकाच लेव्हलला आणि एका बाजूला सलग भिंत, त्यामुळे नजरेला जागा मिळते. मला हेच पटलं! फक्त स्केच सपाट असतं, रस्त्यावरून आपण मान वर करून बघणार, मग पुढे आलेला बाल्कनीचा स्लॅब वरच्या खिडक्यांचा खालचा भाग झाकतो, म्हणून तो कमी करायला सांगितलाय.