सहा महिने नेमके कधी संपतात?

२९ फेब्रुवारी २०२४, गुरुवार. दुपारी एका टीमचे मॅनेजर एचआरमध्ये आले आणि माझ्यासमोर एक पत्र ठेवलं. त्यांच्या टीममधल्या एका मुलीचं प्रोबेशन दोन आठवड्यांनी वाढवायचं होतं. तिच्याबद्दल तक्रार काहीच नव्हती. जे काम बघून तिला कन्फर्म करायचं ठरलं होतं ते काम हातातच उशिरा आलं, त्यामुळे ते पूर्ण होईपर्यंत थांबायचं होतं. "मॅडम, तेवढी सही करा, आजच देऊन टाकतो," ते म्हणाले.

पत्रात लिहिलं होतं की प्रोबेशन दोन आठवड्यांनी, म्हणजे ७ मार्च २०२४ पर्यंत वाढवण्यात येत आहे.

ही ७ मार्च कुठून आली, ते पत्राच्या वरच्या कोपऱ्यात कळलं. तिथे तारीख होती २२ फेब्रुवारी. सरांनी आठवडाभर आधी मसुदा करून ठेवला होता आणि त्या दिवसात १४ मिळवले होते. पण मुदतवाढ पत्र लिहिल्या दिवसापासून मोजत नाहीत. आधीची मुदत ज्या दिवशी संपते, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती सुरू होते. पत्र तसंच गेलं असतं तर अक्षरात दोन आठवडे आणि तारखेत जेमतेम एक, असा प्रकार झाला असता. पुढे वाद झाला की अक्षर खरं की तारीख, यावर लोक तासन्‌तास घालवतात.

तेव्हा आधीची मुदत कधी संपते ते बघायला मी पोर्टल उघडलं. तिची रुजू तारीख ३१ ऑगस्ट २०२३, प्रोबेशन सहा महिने, आणि शेवटची तारीख २८ फेब्रुवारी २०२४. म्हणजे काल!

इथे मामला गंभीर झाला, कारण आमच्या नेमणूकपत्रात एक कलम आहे: मुदत संपण्यापूर्वी लेखी मुदतवाढ दिली नाही, तर कर्मचारी कन्फर्म झाल्याचं धरलं जाईल. सगळीकडे असं कलम नसतं. पुष्कळ ठिकाणी कन्फर्मेशनचं पत्र हातात पडेपर्यंत प्रोबेशन चालूच राहतं. म्हणून नेमणूकपत्र उघडून वाचल्याशिवाय या विषयावर तोंड उघडू नये, असं माझं मत आहे. आमच्या पत्रात कलम होतं आणि पोर्टल म्हणत होतं की वेळ गेली.

तेवढ्यात ती मुलगीच आली. तिनेही पोर्टल बघितलं होतं. "मॅडम, काल माझं प्रोबेशन संपलं ना? मग आजपासून मी कन्फर्म. आईबाबांची नावं इन्शुरन्समध्ये घालायची आहेत." विचारणं अगदी रास्त होतं. आमच्याकडे आईवडिलांचा विमा कन्फर्मेशननंतरच मिळतो, शिवाय नोटीसचा काळ १५ दिवसांवरून दोन महिन्यांवर जातो. एका तारखेवर इतकं अवलंबून असतं. मी तिला बसायला सांगितलं आणि तिघांच्या देखत कागदावर मांडलं.

सहा महिने म्हणजे १८० दिवस नव्हेत. दिवस मोजले असते तर तिची मुदत २६ फेब्रुवारीलाच संपली असती, पण पत्रात 'महिने' लिहिलं होतं, तेव्हा कॅलेंडरचेच महिने धरायचे. आता रुजू झाल्याचा दिवस धरायचा की सोडायचा? नेहमी वाद इथेच होतो, आणि बहुतेक वेळा एका दिवसाचा फरक पडतो. समजा कोणी १५ मार्चला रुजू झालं. तो दिवस धरला तर मुदत १४ सप्टेंबरला संपते, सोडला तर १५ सप्टेंबरला.

३१ ऑगस्टची गंमत वेगळी. तो दिवस सोडला तर मोजणी १ सप्टेंबरपासून, आणि सप्टेंबर ते फेब्रुवारी असे सरळ सहा महिने २९ फेब्रुवारीला पूर्ण. तो दिवस धरला तर शेवट '३० फेब्रुवारी'ला यायला हवा. तशी तारीखच नाही, म्हणून महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. तोही २९ फेब्रुवारी. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं, आणि पोर्टलची २८ कुठल्याच वाटेत बसत नाही.

"म्हणजे आजचा दिवस प्रोबेशनमध्येच?" तिने विचारलं. हो, शेवटचा. कार्यालय सुटायला तीन-साडेतीन तास होते.

पत्र नव्याने टाइप केलं. त्यात दोन्ही तारखा स्पष्ट घातल्या: मूळ मुदत २९ फेब्रुवारीपर्यंत, वाढीव मुदत १ मार्च ते १४ मार्च, दोन्ही दिवस धरून. कारण एका वाक्यात, कोणतं काम बघणार तेही एका वाक्यात. बाकी अटी पूर्वीप्रमाणे. मी पडताळा एकच करते: मुदतवाढ पूर्ण आठवड्यांची असेल तर जुनी आणि नवी शेवटची तारीख एकाच वाराला यायला हवी. २९ फेब्रुवारी गुरुवार, १४ मार्चही गुरुवार. वार हुकला की एक दिवस कुठेतरी कमीजास्त झालाय हे नक्की.

तिने पोच म्हणून सही केली, खाली तारीख आणि वेळही घातली. ती खट्टू झाली होती, आणि का होऊ नये? पण हिशेब पटला होता. विम्याचा फॉर्म आत्ताच भरून ठेव, १५ मार्चला पाठवू, असं मी सांगितलं. सर मात्र पत्र वाचून म्हणाले, "एका दिवसासाठी एवढा खटाटोप!" मी त्यांना कलम पुन्हा वाचून दाखवलं.

संध्याकाळी पोर्टलच्या मागची शीट मागवली. त्यात हे सूत्र होतं:

```
=EDATE(A2,6)-1
```

३१ ऑगस्टच्या पुढे सहा महिने गेलं की एक्सेल स्वतःच २९ फेब्रुवारीवर येऊन थांबतं, आणि मग सूत्र त्यातूनही एक दिवस कापतं. त्या वर्षी २९, ३० आणि ३१ ऑगस्टला रुजू झालेल्या सगळ्यांची मुदत त्याने २८ फेब्रुवारीलाच संपवली होती. २९ ऑगस्टवाल्यांचं बरोबर होतं, उरलेल्यांचा एक दिवस गेला होता. आयटीतल्या मुलाने लगेच तोडगा काढला, की आधी एक दिवस वजा करू आणि मग महिने मिळवू. ३१ ऑगस्टला ते जमलं. पण १ मार्च २०२३ टाकून बघितलं तर उत्तर आलं २८ ऑगस्ट, यायला हवं होतं ३१ ऑगस्ट. शेवटी दोन्ही उत्तरांतलं जे उशिराचं ते घ्यायचं ठरलं:

```
=MAX(EDATE(A2,6)-1, EDATE(A2-1,6))
```

आमच्याप्रमाणे रुजू झाल्याचा दिवस धरत असाल तर हे चालतं. महिन्याच्या शेवटच्या आणि पहिल्या तारखा मुद्दाम टाकून आम्ही ते तपासलं.

पोर्टलमध्ये हा बदल व्हायला वेळ लागणार होता. मुदतवाढीचे १४ दिवस ते अजून २८ फेब्रुवारीतच मिळवत होतं आणि १३ मार्च दाखवत होतं, म्हणून तिची तारीख मी हाताने १४ केली. तिचं काम १२ मार्चला बघून झालं. कन्फर्मेशनचं पत्र १४ तारखेला दिलं, १५ मार्चपासून लागू, आणि विम्याचा फॉर्म त्याच सकाळी पुढे गेला.