आजोबांचं सागवानी कपाट, नोंद ४ : पाठीमागची मातीची रेघ

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की पुढच्या रविवारी जुनं पॉलिश घासायला घेणार. घासणं राहिलं. कपाट उजेडात घ्यावं म्हणून भिंतीपासून ओढलं, तर मागच्या डाव्या पायावरून मातीची एक रेघ वर गेलेली, पेन्सिलीएवढी जाड. आधी वाटलं, भिंतीचा पोपडा चिकटला असेल. अमळनेरात जुन्या घरात राहणाऱ्याला पोपड्यांचं नवल नाही.

गल्लीतल्या मिस्तरी नानांना बोलावलं. चष्मा वर करून त्यांनी एकदाच पाहिलं. "उधई लागेल शे रे भाऊ." वाळवीला आमच्याकडे उधई म्हणतात, हे खान्देशाबाहेरच्या मंडळींसाठी.

मी म्हटलं, "पण नाना, समोरून तर काहीच दिसत नाही. पॉलिशसुद्धा उडालेलं नाही."

"समोरून कशी दिसेल? तिला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही. म्हणून ती बाहेर निघताना मातीची नळी बांधून त्यातून चालते. आणि लाकूड आतून खाते, वरचा पापुद्रा तेवढा ठेवते. तू पॉलिश पाहून खूश होतो, ती आत जेवत बसते."

मग त्यांनी पेचकसाची मूठ माझ्या हातात दिली. "ठोकी देख." पाठीच्या फळीवर वरून खाली ठोकत आलो. वर टक टक असा भरीव आवाज. खालून वीतभर अंतरावर एकदम धप धप, रिकाम्या खोक्यासारखा. तिथे त्यांनी पेचकसाचं टोक नुसतं टेकवून दाबलं, तर ते पापडात जावं तसं आत गेलं. आत लाकडाच्या रेषांना धरून लांबट पोकळ्या आणि त्यांत ओलसर माती. नाना म्हणाले, मातीच पाहायची. बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडला असेल तर ते घुणाचं काम, त्याचा इलाज वेगळा.

मी विचारलं, सागाला कशी लागली? ते हसले. चौकट सागाची, पण पाठीची फळी आंब्याची! त्या काळी भिंतीकडची बाजू कोण पाहतो म्हणून मिस्तरी स्वस्तातलं लाकूड लावत. आणि सागातही गाभा टिकतो, कडेचं पांढरं लाकूड उधई सोडत नाही. (आजोबा हे कपाट "पूर्ण सागाचं" म्हणून आयुष्यभर मिरवत होते. आता त्यांना कोण सांगणार.)

पहिल्या पावसानंतर खिडकीत पंखांचा सडा पडला होता, तोही मी सांगितला. त्याला त्यांनी फारसा भाव दिला नाही. ते किडे ट्यूबलाइटवर बाहेरूनही येतात. बंद कपाटाच्या आत पंख सापडले असते तर गोष्ट वेगळी होती.

मी रॉकेल आणायला निघालो, तर त्यांनी हात धरला. रॉकेलनं समोरच्या शंभर मरतील, वारूळ जमिनीत तसंच राहील, वर कपाटाला वास आणि आगीची भीती. "आज एकच काम कर. कपाट भिंतीपासून हात जाईल एवढं लांब ठेव आणि नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा मोड. दोन्ही टोकांना खडूची खूण कर. बाकी नळीला हात लावू नको. रोज पाहा."

सगळी नळी पुसून का टाकायची नाही? कारण मग ती कुठून येते तो रस्ताच हरवतो आणि औषध मारणारा अंदाजानं भोकं पाडत बसतो. नळी मोडल्यावर पुन्हा बांधली गेली तर उधई जिवंत आहे. बांधली नाही म्हणून मात्र ती गेली असं धरायचं नाही, दुसरीकडून वाट काढत असेल. पायांखाली मी शहाबादी फरशीचे तुकडे ठेवले. नाना म्हणाले, त्यावरूनही ती चढेल, पण नळी बांधूनच, आणि ती तुला दिसेल.

सोमवारी काही नाही. मंगळवारी सकाळी खडूच्या दोन खुणांमध्ये नवी माती, जुनीपेक्षा गडद आणि ओली, जमिनीकडून अर्ध्यापर्यंत आलेली. बुधवारी जोडणी पूर्ण. कपाट सरकवताना भिंतीकडची वाट तुटली होती, म्हणजे ही फरशीच्या सांध्यातून येत होती. तो सांधा भिंतीलगत सरळ मोरीकडे जातो, आणि मोरीचा पाइप महिनाभर झिरपतोय.

प्लंबर उद्या येतोय. जमिनीत औषध सोडणाऱ्याला शनिवारची वेळ दिली आहे, त्याला खडूच्या खुणा आणि तो सांधा दाखवणार. आंब्याची फळी त्यानंतरच काढणार, नाहीतर आतली उधई घरभर सांडायची. नवी फळी कशाची लावावी? नाना सागाच्या गाभ्याची म्हणतात, माझा खिसा प्लायवूड म्हणतो.