१० लाखांचं तिकीट आणि साडेआठ लाखांची ऑफर

टॅक्स रिटर्नच्या सीझनला ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या ऑफिसात फॉर्म १६ आणि शेवटच्या क्षणी आणलेली पासबुकं, एवढंच चालू असतं. त्यात एक मावशी आल्या, घरोघरी पोळ्या करतात, महिना १५ हजार. राज्य लॉटरीत १० लाख लागले होते आणि खात्यात आले ७ लाख. म्हणाल्या, "मॅडम, १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही ना आता? माझं सगळं मिळून ११ लाख ८० हजार होतं. मग माझे ३ लाख परत काढून द्या."

त्यांचा हिशोब बरोबर होता, लोक ऐकतात तसाच. पण ती १२ लाखांची सवलत मिळते रिबेटमधून, म्हणजे आधी टॅक्स लावून मग तो माफ करून, आणि २०२५-२६ साठी कायद्यात स्पष्टच लिहिलंय की खास रेटच्या उत्पन्नाला ती लागू नाही. लॉटरीला कलम ११५बीबी, सरळ ३० टक्के. मावशींचा पगार ४ लाखांच्या सूट मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, पण ती उरलेली मर्यादासुद्धा लॉटरीसमोर वापरता येत नाही. शिवाय त्या टॅक्सवर ४ टक्के सेस. बक्षीस देताना टीडीएस कापला फक्त ३० टक्के, सेस कापतच नाहीत. म्हणजे एकूण टॅक्स ३ लाख १२ हजार, त्यातले १२ हजार अजून भरायचे, वर थोडं व्याज, कारण भरायचा टॅक्स १० हजारांच्या वर गेला की ॲडव्हान्स टॅक्स लागतो. परतावा मागायला आलेल्या बाईला चलन दाखवायचं म्हणजे काय वाटतं ते मला विचारा. हा सेस तिथेच कापून टाकायला काय अडचण आहे? तिकीटवाल्याने त्यांना "टॅक्स सगळा भरून झाला" असंच सांगितलं होतं.

मग त्यांनी पिशवीतून जुन्या तिकिटांची गड्डी काढली. इतक्या वर्षांचा खर्च, तो तरी वजा करा म्हणाल्या. तोही होत नाही, कलम ५८(४). आणि ह्याचं कारण मला पटतं. न लागलेली तिकिटं स्टॉलसमोर रस्त्यावर पडलेली असतात, कोणीही पोतंभर गोळा करून आणेल आणि माझाच खर्च म्हणून दाखवेल.

पण खरी गोष्ट पुढे आली. उठता उठता म्हणाल्या, निकालाच्या दुसऱ्याच दिवशी एक माणूस घरी आलेला, साडेआठ लाख रोख देतो, तिकीट मला द्या. मागे नाव लिहून सही केलेली नव्हती, म्हणजे ज्याच्या हातात तिकीट त्याचं बक्षीस. मुलाने नको म्हटलं. आता मावशींना वाटत होतं की दीड लाखाला मूर्ख बनले.

मी कागद ओढला आणि त्या माणसाचा हिशोब मांडला. तो साडेआठ लाख काळे देणार, त्याला बँकेतून ७ लाख येणार, १२ हजार सेस भरून ६ लाख ८८ हजार पांढरे उरणार. दीड लाखाच्या वर तोटा, तरी खूश, कारण तीच रोकड हिशोबाशिवाय सापडली असती तर ११५बीबीईखाली ७८ टक्के गेले असते. आणि मावशींच्या घरात साडेआठ लाख रोख, त्या कुठे भरणार? २ लाख किंवा जास्त रोख एका व्यवहारात घेतली तर तेवढाच दंड लागू शकतो, ते वेगळंच.

आता समजा लॉटरीला साधे स्लॅब आणि रिबेट असता. मग त्याच माणसाने मावशींच्याच नावावर तिकीट ठेवलं असतं, टॅक्स शून्य, १० चे १० लाख पांढरे, मावशींच्या हातात पन्नासेक हजार टेकवून बाकीचे चेकने परत. वागळे इस्टेटपासून दिव्यापर्यंत अशी गरीब नावं किती मिळतील त्याला. म्हणून रेट वरच्या स्लॅबचा, कोणाच्याही नावावर ठेवा तेवढाच. शिवाय बक्षीस देणाऱ्याला तुम्ही पोळ्या लाटता की बिल्डर आहात हे बघावंच लागत नाही, कापला आणि दिला.

इथपर्यंत मला सगळं पटतं. अडतं ते पुढे. बिल्डरला लागली असती तर त्यालाही जवळपास एवढेच पडले असते, पण तो कमाईवर असाही ३० टक्के भरतोच, त्याला ते नवीन नाही. मावशींना आयुष्यात पहिल्यांदा टॅक्स लागला आणि तो थेट सगळ्यात वरचा. ५० हजारांपर्यंतच्या बक्षिसाला, आधारला जोडलेल्या खात्यात, वर्षातून एकदाच, कमी रेट दिला तर चालेल का, असं मी आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, मग लोक ५०-५० हजारांची तिकिटं विकत घेत फिरतील. बरोबर आहे. पण त्यासाठी प्रत्येक वेळी नवीन माणूस शोधायला लागेल, आणि तेवढी कटकट केल्यावर तिकिटं विकत घेणाऱ्याला परवडेल का, ह्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. मावशींनी चलन भरलं, आणि जाताना विचारलं की ७ लाखांची एफडी केली तर तिच्या व्याजावर पण ३० टक्केच का. नाही म्हटलं, व्याज तुमच्या पगारात मिसळेल आणि त्याला १२ लाखांची सवलत लागेल.