बुधवारचा भात

जूनमध्ये मुलीच्या शाळेने डब्याचं वेळापत्रक दिलं, तेही लॅमिनेट करून. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी ‘भाताचा प्रकार’, गुरुवारी थालीपीठ किंवा पराठा, शुक्रवारी इडली. चार दिवसांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये, पराठ्याचे बटाटे रात्रीच उकडून तेही फ्रिजमध्ये, की सकाळी वीस मिनिटांत डबा होतो. डोकं उठवलं ते बुधवारने.

कारण साधं आहे. बस सव्वासहाला येते म्हणून डबा सहाला भरायचा, आणि मोठी सुट्टी साडेअकराला. म्हणजे शिजलेला भात साडेपाच तास दप्तरात, आणि दप्तर वर्गाच्या खिडकीशी उन्हात. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा सर्वसाधारण नियम. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधलं कोमट तापमान जंतूंना सगळ्यात मानवतं.

भाताचं दुखणं तर वेगळंच. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते कुकरच्या शिट्ट्यांनीही सगळे मरतील याची खात्री नसते. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी खमंग फोडणी दिली तरी उपयोग शून्य. सासूबाई म्हणाल्या, “आम्ही जन्मभर फोडणीचा भात खाल्ला, काही झालं नाही.” खरंय, पण नशीब दर वेळी साथ देईलच असं नाही. शिवाय वास आला तर कळेल, या भरवशावर राहू नका. विष झालेला भात नाकाला चांगलाच लागू शकतो. त्रास होतो तो खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत, बहुधा उलट्यांनी.

वर्गशिक्षिकेला विचारलं, बुधवारी पोळी दिली तर चालेल का? “मॅडम, एका मुलाला वेगळं केलं की सगळे मागतात.” ऑफिसमध्ये अर्ज दिला, तर ‘पालक-शिक्षक संघात मांडा’. संघाची बैठक दिवाळीनंतर! तोवर दर बुधवारी भात होताच.

मग मी इन्सुलेटेड डबा आणला. तो नुसता भरला तर फसवतो, कारण आतलं थंडगार स्टील सुरुवातीलाच भाताची उष्णता खातं. आधी त्यात उकळतं पाणी भरून झाकण लावून दहा मिनिटं ठेवायचं, पाणी ओतून लगेच वाफाळता भात काठोकाठ भरायचा. अर्धा भरलेला डबा लवकर निवतो. तुमचा डबा टिकतो का हे रविवारी घरीच बघा: सहाला भरा, साडेअकराला उघडून मधोमध स्वयंपाकाचा थर्मामीटर खुपसा. ६० च्या वर असेल तर ठीक. आमचा पहिला, छोटा गुलाबी डबा त्यात नापास झाला. मोठ्या तोंडाचा, जाड झाकणाचा पास झाला. लेकीला तो जड वाटतो, पण वाटू दे.

साध्या डब्याचं उलट. त्यात पोळी, थालीपीठ, इडली पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावू नये. पोळ्या जाळीवर टाका, एकमेकींवर रचू नका. गरम असताना झाकलं की वाफेचं पाणी झाकणाला धरतं, तेच खाली टपकतं आणि पोळी चिकट होते. शुक्रवारी ओल्या नारळाची चटणी नको, शेंगदाण्याची कोरडी द्या. काकडीला मीठ लावू नका, पाणी सुटतं. उसळ मोडाची असेल तर चांगली मऊ शिजलेली हवी. कच्चे मोड पोटाला भारी, आणि जंतूंचंही घर.

लिंबू पिळलेला किंवा दही घातलेला भात टिकतो, असं सगळ्या आया सांगतात. आंबटपणाने वेग थोडा कमी होतो, पण साडेपाच तासांची हमी मी देणार नाही. उरलेला भात वापरायचाच असेल तर जेवणं झाल्याबरोबर परातीत पसरून निववा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी कढत करा आणि घरीच संपवा.

दिवाळीनंतरच्या बैठकीत मी तोच थर्मामीटर पर्समधून काढला. भात आता शनिवारी गेला. शनिवारी शाळा अर्धी आणि सुट्टी आठला, म्हणजे भरल्यापासून दोनच तास. जिंकल्याचा आनंद लपवला नाही मी!

आणि हो, झाकणातली रबरी रिंग रोज काढून घासा. चमच्याच्या दांड्याने निघते. खाचेत काळे ठिपके दिसले तर रिंगच बदला. नव्या रिंगा भांड्यांच्या दुकानात सुट्या मिळतात, फक्त डबा सोबत न्या, माप दर कंपनीचं वेगळं असतं.