दारावरचं कार्ड आणि नागिणीचा पेशंट

"मॅडम, टीबी खोकल्यातून पसरतो, फ्लूही खोकल्यातूनच. मग टीबीला एन-९५ आणि फ्लूला साधा मास्क असं का? आणि कोणत्या पेशंटच्या दारावर खबरदारीचं कोणतं कार्ड लावायचं, हे लक्षात कसं ठेवायचं?"

दर बॅचमधून कुणीतरी हे विचारतंच, बहुतेक वेळा चहाच्या सुट्टीत. तुम्ही विचारलंत म्हणून यावेळी सविस्तर लिहिते.

खोकला एकच असला, तरी त्यातून बाहेर पडणारे थेंब एकसारखे नसतात. मोठा थेंब जड असतो. तोंडातून निघाला की काही सेकंदांत खाली येतो: समोरच्याच्या अंगावर, चादरीवर, नाहीतर जमिनीवर. बारीक थेंबातलं पाणी वाटेतच उडून जातं आणि मागे उरलेला सुका कण हवेत तरंगत राहतो. पाच मायक्रॉनचा कण बंद खोलीतल्या स्थिर हवेत माणसाच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा तास तरी घेतो, एक मायक्रॉनच्या कणाला कित्येक तास लागतात. पेशंट एक्स-रेला गेला म्हणून तुम्ही रिकाम्या खोलीत मास्क न लावता शिरलात, तरी त्याचा मघाचा खोकला तिथे असतोच.

पण आकार ही अर्धीच गोष्ट झाली. जंतूला पोहोचायचं कुठे असतं, हे त्याहून महत्त्वाचं. टीबीचा जंतू फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांत पोहोचला तरच त्याचं साधतं. मोठा थेंब नाकाघशातच अडकतो आणि तिथे त्या जंतूला फारसं काही करता येत नाही. म्हणून टीबीत धोका असतो तो तरंगणाऱ्या सुक्या कणाचा. साध्या मास्कच्या कडेने, गालाजवळच्या फटीतून, तो सहज आत येतो. एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसतो आणि श्वास कापडातूनच घ्यायला लावतो, म्हणून तो वापरायचा. फ्लूच्या विषाणूला मात्र नाक-घसाही पुरतो, आणि तो मुख्यतः जवळून पसरतो. म्हणून फ्लूच्या पेशंटपासून मीटर-दोन मीटरच्या आत जाताना साधा सर्जिकल मास्क, दोन खाटांत अंतर आणि मधे पडदा.

हवेतून टीबी पसरतो याचा पुरावा अमेरिकेत बाल्टिमोरला मिळाला. विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी टीबी वॉर्डमधली हवा नळाने वर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. पेशंट आणि प्राणी यांचा एकमेकांना स्पर्श सोडाच, दर्शनही नव्हतं. तरी गिनीपिगांना टीबी झाला. ज्या पिंजऱ्यांत तीच हवा अतिनील किरणांखालून नेऊन सोडली होती, तिथले वाचले.

खरं सांगायचं तर ही सीमारेषा आपण पुस्तकात आखतो तितकी सरळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४मध्ये पाच मायक्रॉनची ती जुनी रेघ पुसली, कारण खोकणारा माणूस सगळ्या आकारांचे कण एकदमच सोडतो. फ्लूच्याच पेशंटला श्वासनलिकेत नळी टाकायची किंवा ब्रॉन्कोस्कोपी करायची असेल, तर बारीक कण भरपूर उडतात. त्या वेळी तुम्हीही एन-९५ लावायचा, डोळ्यांवर गॉगलही. पेशंट तोच, पण त्या अर्ध्या तासापुरती खबरदारी वेगळी. म्हणून मी कुणालाच "अमुक आजार, तमुक मास्क" असं पाठ करायला सांगत नाही. कार्ड लावण्याआधी एवढंच विचारा: जंतू पेशंटच्या अंगातून कुठून बाहेर पडतोय, आणि पुढच्या माणसापर्यंत कशावर बसून जातोय? हवेवर, थेंबावर, की माझ्याच हातावर?

यातल्या दोन वाटा एकाच पेशंटकडून निघू शकतात. ते मी एका नागिणीच्या पेशंटकडून शिकले, आणि चूक करून शिकले.

मूत्रपिंडाच्या आजारासाठी बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे पन्नाशीचे गृहस्थ. महिन्याच्या ३ तारखेला, सोमवारी दुपारी जनरल वॉर्डात आले. उजव्या बाजूला बरगडीवरून पाठीकडे जाणारा फोडांचा पट्टा, प्रचंड आग. त्यांच्या बायकोची एकच धास्ती, "सिस्टर, वेढा पूर्ण झाला तर?" नागिणीचं तोंड शेपटीला लागलं की माणूस जातो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी. नागीण सहसा शरीराच्या एकाच बाजूला, एका नसेच्या पट्ट्यात राहते, असं समजावून आम्ही त्यांना शांत केलं. फोड ड्रेसिंगने झाकले, खाटेला संपर्काचं कार्ड लावलं, गाऊन-ग्लोव्हज ठेवले. धडधाकट माणसाची एका पट्ट्यातली, नीट झाकलेली नागीण असती तर एवढ्यावर भागलं असतं.

स्टेरॉइडचा विचार आम्ही केलाच नाही. नागीण म्हणजे लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू, नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबा धरून बसलेला. प्रतिकारशक्ती दाबलेली असेल तर तो पट्ट्यात थांबेलच असं नाही, रक्तातून अंगभर जाऊ शकतो. मग ती नागीण कांजिण्यांसारखीच वागते, म्हणजे हवेतूनही पसरते. म्हणून अशा पेशंटला पहिल्या दिवसापासून हवेची आणि संपर्काची अशी दोन्ही कार्डं लावायची, आणि आजार अंगभर पसरलेला नाही हे डॉक्टरांनी ठरवेपर्यंत काढायची नाहीत. बुधवारी रात्री स्पंजिंग करताना नाइटच्या सिस्टरला कपाळावर, डाव्या दंडावर आणि मांडीवर नवे फोड दिसले. पट्ट्यापासून लांब, मोजले तर वीसच्या वर. ओव्हर देताना "थोडं पुरळ वाढलंय" म्हणून ती मोकळी झाली नाही. तिने रात्रीच फोन केला.

निगेटिव्ह प्रेशरची, म्हणजे आतली हवा कॉरिडॉरमध्ये येऊ न देणारी खोली आमच्याकडे नव्हती. कोपऱ्यातली एक खोली रिकामी केली. स्प्लिट एसी बंद केला, कारण तो आतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो, बाहेर टाकत नाही. एक्झॉस्ट लावला. तो मोकळ्या गच्चीकडे हवा फेकतो, कॉरिडॉरकडे नाही, हे मामांना बाहेर उभं करून पाहिलं. मग दार लावून खालच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरली. पट्टी आत ओढली गेली तर हवा कॉरिडॉरमधून खोलीत जातेय, म्हणजे ठीक. पहिल्यांदा ती बाहेर फडफडली! गच्चीकडची खिडकी सताड उघडी होती आणि वारा थेट आत येत होता. तिची एक झडप लोटली, पुन्हा पट्टी धरली, तेव्हा आत वळली. ही चाचणी दर शिफ्टला करायची. वाऱ्याने दिशा बदलली की उत्तर बदलतं.

खोली ३ बाय ४ मीटर, उंची ३, म्हणजे ३६ घनमीटर. पंख्यावर तासाला ४०० घनमीटर लिहिलेलं. हिशेबाने तासाला ११ वेळा हवा बदलायला हवी, पण जाळीवर धूळ असते आणि पंखा जुना होतो, म्हणून मी निम्मंच धरते, साडेपाच-सहा. एवढ्यावर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला पाऊण तासाहून थोडं जास्त लागतं. म्हणून पेशंट खोलीतून गेल्यावर मावशींनी पहिली पन्नास मिनिटं एन-९५ शिवाय झाडू घेऊन आत जायचं नाही, असं दारावर लिहून ठेवलं.

पेशंट सोनोग्राफीला निघाले तेव्हा नव्या सिस्टरने प्रेमाने त्यांनाच एन-९५ लावला. तो त्यांना नको. सर्जिकल मास्क पुरतो, कारण थेंब सुकून कण होण्याआधीच तो ओलाच अडवायचा असतो. शिवाय आजारी माणसाला एन-९५ मधून श्वास घेणं जड जातं. आणि तुमचा स्वतःचा एन-९५ लावला की दोन्ही हात त्यावर ठेवून जोरात फुंकून पाहा. नाकाशी किंवा गालाशी वारा लागला तर तो बसलेला नाही. काढताना ग्लोव्हज आधी, मग गाऊन, हात स्वच्छ करायचे, बाहेर येऊन दार लावायचं आणि त्यानंतरच एन-९५, तोही पट्ट्यांना धरून. दाराच्या आतच मास्क काढणारे दर महिन्याला एकदोन सापडतात.

सगळ्यात किचकट काम गुरुवारी सकाळी सुरू झालं. सोमवार दुपार ते बुधवार रात्र त्या वॉर्डात कोण कोण होतं, याची यादी. पेशंट, नातेवाईक, मावशी, मामा, फिजिओथेरपिस्ट. प्रत्येकाला एकच प्रश्न: कांजिण्या झाल्यात का, किंवा लशीचे दोन डोस झालेत का? थंड देशांच्या मानाने आपल्याकडे कांजिण्या न होता मोठी झालेली माणसं बरीच सापडतात. आमच्यात सापडली ती तेवीस वर्षांची, नोकरीला लागून दोनच महिने झालेली सिस्टर. म्हणाली, "आठवत नाही, आईला विचारते." आईने फोनवर सांगितलं, गोवर झाला होता, कांजिण्या नाहीत. रक्त तपासलं, प्रतिपिंडं नव्हती. गरोदर नाही याची खात्री करून ७ तारखेला लस दिली. संपर्कानंतर पाच दिवसांच्या आत दिली तर ती उपयोगी पडते.

तरी तिला पेशंटपासून दूर ठेवावं लागलंच. कांजिण्यांचा माणूस पुरळ दिसण्याआधी दोन दिवसांपासूनच इतरांना आजार देऊ शकतो, म्हणून पुरळाची वाट पाहत बसता येत नाही. पहिल्या संपर्कापासूनचा आठवा दिवस ते शेवटच्या संपर्कापासूनचा एकविसावा दिवस, म्हणजे ११ ते २६ तारीख, ती घरी. तिला काही झालं नाही. पेशंटची खोली मात्र शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत चालू ठेवली.

त्या सोळा दिवसांची रजा तिच्या कोणत्या खात्यात टाकायची, यावर माझा आणि ऑफिसचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. दरम्यान भरतीच्या फॉर्मवर मी एक ओळ वाढवून घेतली: कांजिण्या झाल्या आहेत का? तुमच्यापैकी तिघींनी ती कोरी ठेवली आहे. आज घरी गेलात की आईला फोन लावा.