पाठीतून किडनीपर्यंत : डाव्या मुतखड्याच्या एका पीसीएनएलचा अनुभव

रबाळेच्या कारखान्यात भट्टीजवळ काम करणारा, बेचाळीस वर्षांचा पेशंट. डाव्या किडनीच्या पेल्व्हिसमध्ये, म्हणजे लघवी गोळा होणाऱ्या पिशवीत, 24 मिलिमीटरचा खडा आणि त्याची एक फांदी खालच्या कॅलिक्समध्ये, म्हणजे त्या पिशवीत उघडणाऱ्या पेल्यात, शिरलेली. एवढ्या खड्याला पाठीतून दुर्बीण घालावी लागते, त्यालाच पीसीएनएल म्हणतात. नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात मी ही केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत केली. शस्त्रक्रियेतला प्रत्येक नियम किडनीच्या जागेतून आणि आवरणांतून कसा येतो, हे या केसमध्ये फार स्पष्ट दिसलं, म्हणून लिहितो.

आदल्या दिवशी सीटी उघडला आणि खड्याच्याही आधी बरगड्या मोजल्या. बारावी बरगडी कधीकधी इतकी आखूड असते की बोटाला लागतच नाही. मग हाताला लागणारी अकरावी बरगडीच बारावी समजली जाते. त्या चुकीच्या बरगडीखाली सुई घातली तर ती थेट प्ल्यूराच्या, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या, खालच्या घडीत जाते, कारण पाठीमागे प्ल्यूरा बाराव्या बरगडीला ओलांडून खाली उतरलेला असतो. डावी किडनी उजवीपेक्षा थोडी वर असते, उजवीला यकृत खाली दाबतं. म्हणून डावीच्या मागे अकरावी आणि बारावी अशा दोन बरगड्या येतात, उजवीच्या मागे बहुधा एकच. या पेशंटची बारावी बरगडी लांब होती आणि खालचा कॅलिक्स तिच्या बराच खाली होता. बरगडीच्या वरून जायची गरज नव्हती.

सीटीवर दुसरी गोष्ट पाहिली ती डावं कोलन. काही लोकांत ते किडनीच्या बाजूला न राहता मागे वळलेलं असतं. हे डावीकडे आणि खालच्या टोकापाशी जास्त आढळतं. म्हणून सुई फार बाहेरून, म्हणजे पोस्टेरियर ॲक्झिलरी लाइनच्या पलीकडून घालत नाहीत. सीटी उताण्या स्थितीतला असतो आणि पेशंट पालथा केल्यावर कोलन आणखी मागे सरकू शकतं. इथे कोलन पुढेच होतं, तरी आम्ही ती रेघ सोडली नाही.

भूल दिल्यावर आधी मूत्रमार्गातून युरेटेरिक कॅथेटर चढवला आणि मग पेशंटला पालथं केलं. कॅथेटरमधून कॉन्ट्रास्ट सोडला की सी-आर्मच्या एक्स-रे पडद्यावर कॅलिक्सची झाडासारखी आकृती दिसते, पण कोणता कॅलिक्स पुढचा आणि कोणता मागचा हे सपाट चित्रात कळत नाही. पालथ्या पेशंटमध्ये कॉन्ट्रास्ट जड म्हणून पुढच्या कॅलिक्समध्ये साचतो आणि थोडी हवा सोडली तर ती वर, म्हणजे मागच्या कॅलिक्समध्ये चढते. काळा ठिपका दिसला तो मागचा. आपल्याला तोच हवा असतो, कारण पाठीतून सरळ रेषेत पेल्व्हिसला पोचता येतं.

सुईचा कोन साधारण तीस अंश ठेवतात. किडनी पाठीवर सपाट पडलेली नसते. ती सोआस स्नायूच्या उतारावर टेकलेली असते, त्यामुळे हायलम, म्हणजे रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात तो भाग, आत आणि थोडा पुढे वळतो आणि बाहेरची फुगीर कड थोडी मागे येते. रक्तवाहिन्यांचं गणितही याच कडेशी जुळतं. रीनल धमनीचे दोन मुख्य भाग होतात. पुढचा भाग वरचं टोक, खालचं टोक आणि समोरचे दोन अशा चार सेग्मेंटांना रक्त देतो. मागचा भाग पेल्व्हिसच्या मागून वळून एकट्या मागच्या सेग्मेंटला देतो. या दोन मुलखांची शीव फुगीर कडेच्या किंचित मागे येते. तिला ब्रॉडेलची रेषा म्हणतात. तिथे मोठी वाहिनी नसते. मागून-बाहेरून तीस अंशात गेलेली सुई याच पट्ट्यातून आत शिरते. उलट, पेल्व्हिस समोर दिसतोय म्हणून सरळ त्यातच सुई घालण्याचा मोह झाला, तर त्याच्या मागून जाणारी धमनी वाटेत येते.

अठरा गेजची सुई आत जाताना थर हाताला कळतात. स्नायूंवरचं जाड लम्बर फॅसिया पहिला अडथळा देतं. मग चरबी येते, तिथे काहीच जाणवत नाही. त्यानंतर रीनल फॅसिया, तिच्या आतली चरबी आणि शेवटी कॅप्सूल. श्वासाबरोबर किडनी वरखाली सरकते, त्यामुळे सुईचं टोक किडनीत रुतलं की बाहेरची मूठ श्वासाच्या तालावर डोलू लागते. ती डोलत नसेल तर सुई अजून चरबीतच आहे. मूठ डोलू लागली, मग स्टायलेट काढल्यावर कॉन्ट्रास्ट मिसळलेली लघवी आली आणि गाईडवायर युरेटरमध्ये उतरवली.

रीनल फॅसिया वर ॲड्रिनलला कवेत घेऊन डायफ्रॅमला चिकटते, पण खाली तिचे दोन पदर नीट जुळत नाहीत. शीथ, म्हणजे जिच्यातून दुर्बीण जाते ती पोकळ नळी, कॅलिक्समधून सरकून बाहेर आली आणि दुर्बिणीतून सोडलेलं पाणी चालूच राहिलं, तर ते या कप्प्यात भरतं आणि खाली ओटीपोटाकडे वाट काढतं. आत सोडलेल्या पाण्याच्या मानाने बाहेर कमी येऊ लागलं की हात थांबवून शीथची जागा पाहायची. याच कप्प्याचा एक फायदाही आहे. शिरेचा रक्तस्राव भोवतीच्या दाबाने बहुधा थांबतो. धमनीच्या रक्ताला मात्र हा दाब पुरत नाही.

खालच्या फांदीतला तुकडा त्या वाटेने हाती येईना, म्हणून दुसरी सुई घातली. चूक तिथे झाली. पहिली सुई कॅलिक्सच्या टोकातून, फोर्निक्समधून गेली होती. दुसरी थोडी आतल्या बाजूने, कॅलिक्सच्या मानेतून गेली. मानेला धमनीच्या शाखा अगदी लगटून असतात, टोकाशी त्या बारीक होतात. चित्रात दोन्ही सुया कॅलिक्समध्येच दिसत होत्या. फरक काही मिलिमीटरचा. खडा पूर्ण निघाला, लघवी गुलाबी होऊन दोन दिवसांत निवळली आणि पेशंट घरी गेला.

नवव्या दिवशी तो लाल लघवी आणि गाठी घेऊन परत आला. हिमोग्लोबिन उतरलं होतं. धमनीच्या भिंतीला पडलेल्या भोकावर रक्ताची गुठळी बसते. ती विरघळली की तिथे स्यूडोॲन्युरिझमचा फुगा होतो आणि तो कॅलिक्समध्ये फुटतो. म्हणून हा रक्तस्राव आठवडाभर शांत राहून मग येतो. सीटी अँजिओमध्ये खालच्या सेग्मेंटच्या एका शाखेवर फुगा दिसला, दुसऱ्या सुईच्या वाटेवरच.

किडनीच्या सेग्मेंटल धमन्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. त्यामुळे मुख्य सेग्मेंटल धमनी बंद केली तर तो सगळा भाग मरतो, शेजारची धमनी त्याला जगवत नाही. शिरांचं तसं नाही. त्या आत एकमेकींना मिळतात, एक बांधली तरी चालतं. म्हणून इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टने बारीक कॅथेटर थेट फुग्याच्या शाखेपर्यंत नेला आणि तिथेच कॉइल सोडली. नंतरच्या चित्रात फक्त एक पाचर काळी पडलेली होती, बाकी किडनी उजळ. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ आली.

तेव्हापासून डिस्चार्ज कार्डावर मी हाताने लिहितो : पुढचे पंधरा दिवस लघवी लाल झाली किंवा गाठी पडल्या तर त्याच दिवशी या, भरपूर पाणी पिऊन वाट पाहू नका.