गोव्यातला संध्याकाळचा चहा: बन्स दोनदा मोजायचे

गोव्यात कोणी ‘चहाला या’ म्हटलं की ताटात बन्स असणार, हे बहुधा गृहीत धरायला हरकत नाही. पुण्या-नाशिककडच्यांना नावावरून गोल पाव आठवेल, पण हे बन्स म्हणजे केळं घालून केलेली, जाडसर, तळलेली गोड पुरी. पदार्थ मूळचा मंगळूरकडचा, पण गोव्यातल्या हॉटेलांत चहाबरोबर सर्रास मिळतो. बेत आखताना पहिली चूक इथेच होते. बन्स गोडही असतात आणि तळलेलेही, म्हणजे ते दोन्ही रकान्यांत मोजायला हवेत. त्यांच्याबरोबर मिरची भजी आणि वर जत्रेतलं खाजं ठेवलं, तर दुसऱ्या घासानंतर माणसं नुसता चहा पीत बसतात.

पावसाळ्यातली संध्याकाळ आणि आठ पाहुणे धरू. ताटात बन्स, नीरफणसाचे काप, अननस आणि तवशी, म्हणजे काकडी; बरोबर कोकम सरबत आणि चहा. एवढं पुरतं. खाजं पावसाळ्यात मुद्दाम टाळावं, कारण दमट हवेत त्यावरचा गुळाचा पाक चिकट होतो.

बन्सचं पीठ सकाळीच भिजवून ठेवा. साल काळपट पडलेली दोन मोठी केळी, चार चमचे साखर, पाव वाटी आंबट दही, अर्धा चमचा जिरं, मीठ आणि चिमूटभर सोडा एकत्र कुस्करायचं आणि त्यात मावेल तेवढाच मैदा घालायचा. साधारण तीन वाट्या लागतो, पण मोजून एकदम ओतू नका. साखर विरघळते तसं पीठ सैल होत जातं, म्हणून सुरुवातीला पुरीच्या पिठापेक्षा जरा घट्टच हवं. वर तेलाचा हात लावून सहा-सात तास झाकून ठेवा. मग पाऊण सेंटीमीटर जाड लाटायचे. पातळ लाटले तर ते पुरीसारखे फुगतात, पण आतला मऊ, जाळीदार भाग मिळत नाही. तेल मध्यम तापलेलं हवं: पिठाची गोळी तळाशी जाऊन तीन-चार सेकंदांत वर आली पाहिजे. टाकताक्षणी उसळली तर तेल जास्त तापलंय. केळ्याच्या साखरेमुळे बाहेरून लवकर काळं पडतं आणि आत पीठ कच्चं राहतं, म्हणून पहिला बन फोडून बघा. बोटाला चिकटत असेल तर आच कमी करा.

नीरफणस साल आणि मधला दांडा काढून पाच मिलिमीटर जाड चिरायचा आणि चीक जाण्यासाठी थोडा वेळ पाण्यात ठेवून कोरडा पुसायचा. मीठ, हळद, तिखट, हिंग चोळून दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. मिठाने पाणी सुटलं की रवा ओला होतो आणि तव्यावर सुटून पडतो. बारीक रव्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळून घोळवा आणि खोबरेल तेलात, मंद आचेवर, दोन्ही बाजू चार-पाच मिनिटं परता. काढलेले काप एकावर एक रचू नका, जाळीवर पसरा. वाफ अडकली की कुरकुरीतपणा गेलाच.

आता क्रम. आधी काप आणि कोकम सरबत. कोकमाचा आंबटपणा तेलकट चव धुऊन काढतो आणि पुढच्या कापासाठी तोंड मोकळं करतो. आगळ वापरत असाल तर त्यात मीठ असतंच, वरून घालू नका. पेल्याला एक मोठा चमचा पुरतो, साखर चवीनुसार.

त्यानंतर तवशीच्या आणि अननसाच्या फोडी, हिरवी मिरची आणि ओलं खोबरं. मीठ आणि लिंबू मात्र वाढताना. आधी घातलं की वाडग्यात अर्धी वाटी पाणी साचतं आणि खोबरंही लिबलिबीत होतं. ही वाटी मधे हवीच, तिच्यामुळे कापांचा मसाला आणि बन्सचा गोडवा एकमेकांत मिसळत नाहीत.

शेवटी बन्स आणि चहा. गोड खाल्ल्यावर चहा कमी गोड लागतो, हे ओळखून काहीजण त्यात जास्त साखर घालतात. मला ते पटत नाही. उलट माणशी अर्धाच चमचा घाला आणि चहा कडक करा, बन्सचा गोडवा मग खुलतो. आठ कपांसाठी सहाशे मिली पाणी, आठ चमचे पूड, चारशे मिली दूध. आलं आधी पाण्यात चांगलं उकळून मगच दूध ओता, कच्च्या आल्यात दूध टाकलं तर ते फाटू शकतं.

बन्स तळायला घ्यायचे ते तवशीचे वाडगे हातात दिल्यावरच. आधी तळून ठेवले तर वरचं कवच मऊ पडून ते चिवट होतात. शेवटचा घाणा तेलातून निघतोय आणि चहा गाळला जातोय, असं एकाच वेळी जमलं की वाढप सुरू करा.